बाकी कोणाकडे?

मार्चची सकाळ, करमाळ्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसची खिडकी. परीक्षा फॉर्म विलंब शुल्काशिवाय भरायला दोनच दिवस उरलेत, त्यामुळे रांग व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून खाली आलीय. मी पुतणीच्या दाखल्यासाठी उभा आहे. माझ्या पुढची मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, जेऊरहून एसटीनं येते. तिच्या हातात लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही आहे, अडत दुकानात असते तशी. वडील दिवाणजी आहेत, वही त्यांच्याकडचीच.

"हिशेबाची आहे का?" मी विचारतो.

"हिशेबच की काका," म्हणत ती पान माझ्याकडं वळवते.

पानावर चार रकाने आहेत: काय, कोणाकडे, मुदत, पुरावा. माझी नजर दुसऱ्या रकान्यावर अडते. तिथं एकाखाली एक 'मी', 'सर', 'ऑफिस', 'तहसील' असं लिहिलंय आणि बऱ्याच ठिकाणी आधीचं खोडून पुढचं घातलंय. भौतिकशास्त्राच्या असाइनमेंटसमोर 'मी' खोडलेलं आहे, 'सर' लिहिलेलं आहे. पण ओळ कायम आहे.

"दिली ना असाइनमेंट?"

"दिली. दिली म्हणजे झालं असं नसतंय."

सरांच्या रजिस्टरमधून अंतर्गत गुण पुढं जाताना एखादं नाव गळतं. निकालात त्या विषयापुढं 'गैरहजर' दिसतं, आणि ते कळेपर्यंत पुढचं सेमिस्टर अर्धं सरलेलं असतं. म्हणून पहिल्या पानावर सरांची सही आणि तारीख घेऊन ती फोटो काढून ठेवते. ओळ मात्र गुणांची यादी लागून स्वतःच्या नावापुढचा आकडा पाहिल्यावरच खोडते.

महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीपुढं 'कॉलेज' आहे. हा फॉर्म भरून पाठवला की आधी कॉलेजकडं तपासणीला जातो, मग खात्याकडं. त्रुटी निघाली तर उलटा विद्यार्थ्याकडं येतो. मेसेज नोंदवलेल्या नंबरवर जातो, आणि गावाकडं तो नंबर वडिलांचा किंवा चुलत्याचा असतो. म्हणून ती दर सोमवारी स्वतः लॉगिन करून बघते आणि ओळीखाली तारीख टाकते. फॉर्म परत आलेला दिसला की 'कॉलेज' खोडून 'मी'. त्रुटी उत्पन्नाच्या दाखल्याची निघाली तर 'तहसील'. वाट कोणाची बघायची हे त्या एका शब्दावरून कळतं. नुसतं 'पेंडिंग' लिहून ते कळलं नसतं, हे मला पटतं.

सगळ्यात वरची ओळ लाल शाईची आहे. तिसऱ्या सेमिस्टरच्या फीचा दुसरा हप्ता, 9 ऑक्टोबर, यूपीआयनं भरलेला. कोपऱ्यात 'मागील पानावरून'. सेमिस्टर संपलं की न खोडलेली प्रत्येक ओळ ती नव्या पानावर उतरवते, तारीख जुनीच ठेवून. असं पुढं आणलेलं लाल. ही पद्धत खतावणीतली, वडिलांची. नवीन पान कोरं सुरू केलं तर जुनी बाकी मागंच पडून राहते आणि तिसऱ्या वर्षी 'बाकी नाही'चा शिक्का घेताना अचानक समोर येते.

या ओळीत पुरावा अर्धाच आहे. यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक पेन्सिलनं लिहिलाय, पावती क्रमांकाची जागा मोकळी. पैसे खात्यातून गेल्याचं बँक सांगते. ते तिच्या नावावर जमा झाले की नाही, हे पावतीच सांगणार.

तिचा नंबर येतो. ती 'माझी पावती राहिलीय' एवढंच म्हणत नाही. तारीख, रक्कम आणि बारा आकडे वाचून दाखवते. लिपिक स्टेटमेंटवर बोट फिरवत जातो आणि एका ओळीवर थांबतो. रक्कम आलेली आहे, पण पाठवताना नाव-वर्ग लिहिलेलाच नाही, म्हणून कोणाच्याच खात्यावर लागली नव्हती. तो नोंद करतो, पावती छापून सरकवतो.

ती जागची हलत नाही, पावती वाचते. "सर, यावर सेमिस्टर चौथं पडलंय. हप्ता तिसऱ्याचा होता."

मागून कुणीतरी 'आवर गं' म्हणतं. लिपिक चष्मा वर करून बघतो, हसतो. "दुरुस्त करावी लागंल. तीन वाजता ये."

पावती क्रमांक लिहायला उघडलेलं पेन ती दुसऱ्या रकान्यात नेते. 'ऑफिस, आज 3.'

मग परीक्षा फॉर्मची प्रिंट. ऑनलाइन भरला, फी गेली, तरी सही केलेली प्रिंट ऑफिसात पोचून तिथून मंजुरी मिळाल्याशिवाय हॉल तिकीट निघत नाही. लिपिक तिची प्रिंट गठ्ठ्यावर टाकतो. ती दुसरी प्रत पुढं करते. "यावर शिक्का द्या, सर."

शिक्का पडतो. माझ्या मागचा पोरगा आपली एकुलती एक प्रिंट उलटसुलट करून बघतो.

"काका, माझा नंबर धरता का? झेरॉक्स मारून येतो."