लोणारचं वय आणि यंत्राला उचलता येणारं वाक्य

लोणार सरोवर किती जुनं आहे, असं गूगलला विचारणाऱ्याला आता बऱ्याचदा दुव्यांच्या यादीआधी एआयने लिहिलेला चार-पाच ओळींचा सारांश दिसतो. ज्या पानांच्या आधारे तो तयार झाला, त्यांचे दुवेही सोबत असतात. ऑगस्ट २०२४ पासून ही सोय भारतात आहे. आपला लेख त्या दुव्यांमध्ये यावा, असं लिहिणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. पण यंत्र नेमकं काय उचलतं, हे समजून घेतल्याशिवाय ते घडणं अवघड.

असा सारांश तयार करणारी यंत्रणा बहुतेक वेळा अख्खा लेख वजनात धरत नाही. ती पानाचे छोटे तुकडे पाडते, प्रश्नाशी अर्थाने जवळचे तुकडे शोधते आणि त्यांच्यावरून उत्तर जुळवते. म्हणून परिच्छेद लेखातून सुटा काढला तरी त्याला अर्थ उरला पाहिजे.

लोणारवरच्या लेखात असा परिच्छेद सहज सापडेल: ‘हे सरोवर निसर्गाचा अद्भुत चमत्कार आहे. वर सांगितल्याप्रमाणे ते हजारो वर्षांपूर्वी तयार झालं, असं शास्त्रज्ञ मानतात.’ वाचायला काहीच अडत नाही. पण सुटा काढला की ‘हे’ म्हणजे कोणतं सरोवर ते कळत नाही, ‘वर’ काय सांगितलं ते हाती नाही, ‘शास्त्रज्ञ’ कोण आणि त्यांनी कधी सांगितलं याचा पत्ता नाही.

तोच मजकूर असा लिहिता येतो: ‘बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर म्हणजे बसाल्ट खडकावर उल्का आदळून तयार झालेल्या विवरातलं खारं, अल्कधर्मी पाण्याचं सरोवर. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीच्या अभ्यासाने लोणारचं वय सुमारे ५२ हजार वर्षं काढलं. ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाचे फ्रेड जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये आर्गॉन कालमापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं असल्याचं मांडलं.’

पहिल्याच वाक्यात व्याख्या आहे आणि तिच्या सुरुवातीलाच ‘लोणार सरोवर’ हे नाव येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वयाचे दोन आकडे. त्यांत दहापटीहून जास्त फरक आहे आणि दोन्ही छापील आहेत. एकच आकडा ठामपणे लिहिणारा लेख अर्धवट माहिती देतो. कोणी, कधी आणि कोणत्या पद्धतीने आकडा काढला हे लिहिलं, की सारांशालाही ‘अमुक अभ्यासानुसार’ असं म्हणता येतं आणि वाचकाला तपासता येतं.

प्रिन्स्टन, आयआयटी दिल्ली आणि इतर संस्थांच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेल्या एका निबंधात सुमारे दहा हजार प्रश्नांवर हे पडताळलं होतं. संदर्भ, जाणकारांची अवतरणं आणि आकडेवारी यांची भर घातलेला मजकूर उत्तरांत ४० टक्क्यांपर्यंत अधिक ठळक दिसला. शोधशब्द पुन्हा पुन्हा पेरण्याची जुनी युक्ती मात्र फारशी कामाला आली नाही. हा प्रयोगातला निकाल आहे. रोजच्या शोधात तो जसाच्या तसा लागू होईलच असं नाही.

नुसता ठामपणा तर धोक्याचाच. मे २०२४ मध्ये अमेरिकेत गूगलच्या सारांशाने पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये डिंक मिसळायला सांगितलं. त्या सल्ल्याचं मूळ अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी गमतीने लिहिलेली एक टिप्पणी होती. यंत्राला ती गंमत आहे हे कळलं नाही. म्हणून आकडा बनावट असेल, तर नेटकी मांडणी त्याला अधिकच दूर पोहोचवते.

संदर्भ मिळाला म्हणजे वाचक मिळाला, असंही नाही. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने मार्च २०२५ मधल्या शोधांचा अभ्यास केला. एआय सारांश दिसला तेव्हा नेहमीच्या दुव्यावर लोकांनी ८ टक्के वेळा क्लिक केलं. सारांश नसताना १५ टक्के वेळा. सारांशातल्याच दुव्यावर क्लिक झालं ते अवघं १ टक्का वेळा.

मराठीत याआधीची एक अडचण आहे. अनेक जुने अंक आणि अहवाल युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरांचा गोंधळ असतो, आणि अशा मजकुरातली व्याख्या कितीही चोख असली तरी यंत्राला ती वाचता येत नाही. तपासणी सोपी आहे: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून ईमेलमध्ये चिकटवावी. मराठीऐवजी रोमन अक्षरं उमटली, तर वाक्यं सुधारण्याआधी तो अंक युनिकोडमध्ये आणावा.