सिकलसेलमध्ये हाड दुखतं तेव्हा

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यापासून नंदुरबारच्या सातपुड्यापर्यंत, ज्या घरात सिकलसेलचा 'एसएस' रुग्ण आहे त्या घराला हाडांचं दुखणं नवं नसतं. थंडी पडली, ताप आला, पाणी कमी प्यायलं गेलं की मूल हातपाय धरून रडू लागतं. बहुतेक वेळा हे दुखणं आठवड्याभरात उतरतं. क्वचित ते उतरत नाही, कारण हाडात पू होत असतो. डॉक्टरांनासुद्धा पहिल्या दिवशी हा फरक सांगणं जड जातं.

या आजारात ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात. हाडाच्या मगजातल्या रक्तवाहिन्या बारीक असतात आणि तिथं रक्त संथ वाहतं. पेशी अडकल्या की पुढचा प्रवाह तुटतो आणि हाडाचा तेवढा तुकडा मरतो. याला इन्फार्क्ट म्हणतात. यात जंतू नसतात. सलाईन किंवा भरपूर पाणी, वेदनाशामक औषधं आणि ऊब यावर रुग्णाला निभावून न्यायचं असतं.

जंतुसंसर्ग मागच्या दाराने येतो. एसएस रुग्णाची प्लीहा बहुधा लहानपणीच निकामी होते, त्यामुळे रक्तातले जंतू गाळले जात नाहीत. आतड्याच्या अस्तरातही बारीक इन्फार्क्ट होतात, तिथून टायफॉइडच्या कुळातला साल्मोनेला रक्तात शिरतो आणि मेलेल्या हाडात मुक्काम ठोकतो. स्टॅफिलोकॉकसही आढळतो, पण हाडात साल्मोनेला सापडला की सिकलसेलची शंका घ्यावी, इतकं हे नातं घट्ट आहे.

पंचाईत अशी की ताप, सूज, वाढलेल्या पांढऱ्या पेशी आणि वाढलेला सीआरपी दोन्हींत दिसतात. एक्सरे पहिले दहा-बारा दिवस दोन्हींत जवळपास साफ येतो, आणि एमआरआयही प्रत्येक वेळी निर्णायक नसतो. इन्फार्क्ट मात्र कितीतरी जास्त होतो. मुलांच्या एका जुन्या, वारंवार उल्लेखल्या जाणाऱ्या पाहणीत तो संसर्गाच्या किमान ५० पट आढळला होता.

नमुन्यादाखल दहा वर्षांचा एक मुलगा घेऊ. दोन्ही पाय आणि कंबर दुखते, ताप १०० आहे. तिसऱ्या दिवशी कंबर आणि उजवा पाय मोकळा होतो, पण डाव्या नडगीचा वरचा भाग जास्तच ठणकू लागतो. पाचव्या दिवशी ताप १०३ वर जातो. त्या एकाच जागी बोट टेकवू देत नाही, कातडी गरम आणि तकतकीत होते. बाकी अंग सुधारत असताना एकच जागा बिघडत जाणं, ही खरी खूण. आता सोनोग्राफी करायची. हाडावरच्या आवरणाखाली ४ मिलिमीटरहून जास्त द्रव साठला असेल तर संसर्गाचा संशय बळावतो. मग सुईने तो द्रव काढून आणि रक्त घेऊन दोन्ही कल्चरला पाठवायचे, आणि त्यानंतर अँटिबायोटिक. पू असेल तर शस्त्रक्रियेने काढतात, औषध साधारण सहा आठवडे चालतं.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधीच दोन-तीन गोळ्या पोटात गेल्या तर कल्चरमध्ये काही उगवत नाही, आणि पुढचे सहा आठवडे अंदाजाने काढावे लागतात. पण मूल मलूल असेल, ताप १०१ च्या वर असेल तर घरी थांबू नये. प्लीहा नसलेल्या मुलाला रक्तातला संसर्ग काही तासांत घेऊन जाऊ शकतो. तिथं रक्त घेतलं की लगेच औषध सुरू करतात, बाकीच्या तपासण्या मागाहून होतात.

खुब्याचं दुखणं याहून मुकं. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्तपुरवठा मोजक्याच वाहिन्यांतून होतो. त्या बंद पडल्या की गोळ्याचा वरचा भाग मरतो. मेलेलं हाड लगेच मोडत नाही. महिनोन् महिने अंगाचा भार पडल्यावर कूर्चेखालच्या थरात बारीक भेग जाते, एक्सरेत ती चंद्रकोरीसारखी रेघ दिसते आणि मग गोळा चपटा होतो. सुरुवातीला फक्त जांघेत दुखतं, कधी नुसता गुडघाच, आणि गुडघ्याचा एक्सरे नॉर्मल आल्यावर तपास तिथंच थांबतो. मांडी घालून बसता येईनासं झालं किंवा चालताना लंगडणं सुरू झालं तर खुब्याचा एमआरआय करायला हवा, कारण या टप्प्यात एक्सरेवर बऱ्याचदा काहीच दिसत नाही. दुसरा खुबाही त्याच वेळी तपासावा, बऱ्याच जणांत दोन्ही गेलेले असतात.

गोळा गोल असेपर्यंत भार कमी करणं, व्यायाम, आणि काहींमध्ये हाडात छिद्र पाडून आतला दाब उतरवणं हे मार्ग असतात, पण त्यांनी कोसळणं थांबेलच याची खात्री नाही. कोवळ्या वयात गोळा थोडाफार पुन्हा घडतो, मोठ्यांमध्ये ते होत नाही. गोळा बसल्यावर कृत्रिम सांधा उरतो, आणि तोही सिकलसेलमध्ये अवघड असतो. जुन्या इन्फार्क्टमुळे मांडीच्या हाडाची पोकळी कठीण हाडाने भरलेली असते आणि खोदताना हाड फुटू शकतं. शस्त्रक्रियेआधी रक्त देऊन हिमोग्लोबिन साधारण १० पर्यंत आणतात, आणि रुग्ण टेबलावर असताना त्याला थंडी वाजणार नाही, पाणी आणि ऑक्सिजन कमी पडणार नाही, हे भूलतज्ज्ञ सतत पाहत राहतात.