आढाव्यातून निघणारी पद्धत

पदव्युत्तर संशोधनाच्या आराखड्यात, म्हणजे विद्यार्थी ज्याला सिनॉप्सिस म्हणतात त्यात, पूर्वसंशोधनाचा आढावा आणि त्यातून दाखवलेली संशोधनाची पोकळी यांचे काम एकच असते. पुढे जी पद्धत वापरायची, ती तीच का, हे या दोन भागांनी आधीच पटवून द्यायचे असते. पुष्कळ आराखड्यांत तसे होत नाही. कोणी काय म्हटले याचे परिच्छेद एकापाठोपाठ एक येतात, शेवटी ‘या तालुक्यात असा अभ्यास झालेला नाही’ असे वाक्य येते आणि पुढच्या पानावर दोनशे शेतकऱ्यांची प्रश्नावली हजर होते. प्रश्नावलीच का, याचे उत्तर आढाव्यात कुठेच सापडत नाही.

महाराष्ट्रातील शेततळ्यांचा विषय घेतला म्हणजे हे नीट समजते. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना 2016 मध्ये सुरू झाली. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल तळ्यात सुमारे 20 लाख लिटर पाणी मावते. एखाद्या विद्यार्थ्याला दुष्काळी तालुक्यात ‘शेततळ्यांचा भूजलावरील परिणाम’ अभ्यासायचा आहे, असे समजू.

आढाव्याची मांडणी लेखकवार न करता प्रश्नवार केली की चित्र बदलते. एक गट लाभार्थ्यांना विचारतो: उत्पन्न वाढले का, फळबाग तगली का? उत्तर बहुधा होकारार्थी येते. दुसरा गट विचारतो की तळ्यात पाणी येते कुठून. ईश्वर काळे यांनी 2017 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त दाखवून दिले, की प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली अनेक तळी पावसाच्या वाहत्या पाण्याने नव्हे, तर विहिरी आणि बोअरवेलमधून उपसलेल्या पाण्याने भरली जातात. जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी उघड्यावर येते आणि त्यातले काही उन्हाने उडून जाते.

वरवर पाहता हे दोन गट एकमेकांच्या विरोधात आहेत, पण दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. पहिल्या गटाने फक्त तळे असणाऱ्यांना विचारले, शेजारी तळ्याविना राहिलेल्याची विहीर कोणी मोजली नाही. चांगला आढावा इथे थांबून हा विरोध उलगडतो, कारण पोकळी याच ठिकाणी असते. तालुक्याचे नाव बदलल्याने ती निर्माण होत नाही.

मग उपलब्ध आकडेवारीने ही पोकळी भरते का, हेही आढाव्यातच तपासावे लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. समजा, तळी भरण्यासाठीचा उपसा पावसाळा संपताना काही आठवड्यांतच उरकतो. ऑक्टोबर आणि जानेवारी या दोन नोंदींतून पाणी उतरलेले दिसेल, पण ते तळ्यामुळे उतरले, रब्बीच्या सिंचनामुळे की नैसर्गिक वाहण्यामुळे, हे कळणार नाही. शिवाय दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पाणी खडकाच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते. शेजारशेजारच्या दोन विहिरी वेगवेगळ्या थरांतून पाणी घेत असू शकतात.

आता पोकळी एका वाक्यात लिहिता येते: ‘उपशाने भरलेल्या शेततळ्यांमुळे त्याच थरातील, तळे नसलेल्या शेजाऱ्यांच्या विहिरी किती आधी आटतात, हे लाभार्थ्यांच्या सर्वेक्षणातून किंवा वर्षातील चार नोंदींतून कळत नाही.’ या वाक्यातला प्रत्येक शब्द पद्धतीचा एकेक भाग ठरवतो. शेजाऱ्यांचा प्रश्न आहे, म्हणून नमुना लाभार्थ्यांचा नव्हे, विहिरींचा. ‘त्याच थरातील’ म्हटले, म्हणून विहिरी निवडताना केवळ अंतर पाहून चालणार नाही, खोली आणि खडकाचा थरही जुळवावा लागेल. चार नोंदी अपुऱ्या ठरल्या, म्हणून सप्टेंबरपासून मेपर्यंत दर आठवड्याला पातळी मोजायची आणि पंप किती तास चालला याची नोंद ठेवायची. तळ्यांपासून दूरच्या, पण तशाच विहिरीही मोजायच्या, म्हणजे पावसाचा आणि पिकाचा परिणाम वेगळा काढता येईल. प्रश्नावली राहते, पण दुय्यम साधन म्हणून: पीक, क्षेत्र आणि उपशाच्या वेळा समजून घेण्यासाठी.

जोड जमली की नाही, हे उलट दिशेने वाचून तपासता येते. पद्धतीतले प्रत्येक पाऊल घेऊन आढाव्यात त्याचे कारण शोधावे. ‘दोनशे शेतकरी’ या आकड्यामागे आढाव्यातले एकही वाक्य नसेल, तर तो आकडा सवयीने आलेला असतो. आढाव्यात तपशिलाने मांडलेली एखादी त्रुटी पद्धतीत कुठेच हाताळली गेली नसेल, तर तो परिच्छेद काढून टाकावा किंवा पद्धत बदलावी.

एका हंगामाच्या नोंदींवरून कमी-जास्त पावसाच्या दुसऱ्या वर्षाबद्दल काही सांगता येणार नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या मुदतीत याहून अधिक जमत नसेल, तर विद्यार्थ्याने पोकळीच्या वाक्यातच ‘एका हंगामापुरते’ असे लिहावे.