गाणे स्टुडिओतले की मंचावरचे, आणि नेमक्या कोणत्या खेळातले?

गाण्यात टाळ्या ऐकू आल्या की ते मंचावरचे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात टाळ्या हा सगळ्यात कच्चा पुरावा. एल्टन जॉनच्या १९७३ मधील ‘बेनी अँड द जेट्स’ या गाण्यात प्रेक्षकांचा गलका आहे, पण गाणे स्टुडिओतच झालेले असून गलका नंतर मिसळलेला आहे. उलट मंचावरच्या गाण्याच्या दोन्ही टोकांच्या टाळ्या कापून टाकणे अगदी सोपे असते. म्हणून कान द्यायचा तो वाद्यांकडे आणि गळ्यांकडे. ऐकू येते ते सारे तेवढ्या माणसांना एका वेळी वाजवता-गाता येईल का, हा खरा प्रश्न.

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १ ऑगस्ट १९७१ रोजी जॉर्ज हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मदतनिधीचा कार्यक्रम केला. या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणावर ही पारख चांगली करून पाहता येते. हॅरिसनचे ‘हिअर कम्स द सन’ बीटल्सच्या १९६९ मधील ‘ॲबी रोड’ या अल्बममध्ये आहे. त्यात ड्रम्स आहेत, वाद्यवृंद आहे, मूग सिंथेसायझर आहे आणि ठेक्यावर वाजवलेल्या टाळ्याही आहेत. गार्डनमध्ये मात्र हॅरिसन आणि पीट हॅम असे दोघे साध्या गिटारी घेऊन उभे राहिले आणि मागून कोरसने साथ दिली. सिंथेसायझरचा सूर नाही, ड्रम्स नाहीत. एवढ्यावरच निकाल लागतो.

प्रत्येक गाणे इतके सरळ नसते. ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ दोन्हीकडे भरगच्च साथीवरच आहे. तिथे शेवट ऐकावा. १९६८ च्या स्टुडिओ आवृत्तीत गाणे चालू असतानाच आवाज हळूहळू विरत जातो. मंचावर तसे करून चालत नाही, वादकांना एकमेकांकडे पाहून कुठेतरी थांबावेच लागते. तसेच एकाच गायकाचा गळा स्वतःलाच साथ देताना ऐकू आला, तर तिथे स्टुडिओचा हात लागला आहे असे समजावे. मात्र तेवढ्यावरून सगळे गाणे स्टुडिओतले ठरत नाही. लाइव्ह म्हणून विकल्या जाणाऱ्या अल्बममध्येही बिघडलेल्या ओळी नंतर गाऊन बसवण्याची चाल जुनी आहे.

शझामसारखे ॲप इथे वेगळ्याच कारणाने उपयोगी पडते. ते चाल ओळखत नाही, एका विशिष्ट ध्वनिमुद्रणातले स्वरांचे नेमके क्षण जुळवून पाहते. नव्याने गायलेले गाणे त्या क्षणांशी सहसा जुळत नाही. म्हणून ‘मंचावरची’ म्हणून आलेली क्लिप ॲपने थेट स्टुडिओच्या तबकडीशी जुळवली, तर कलाकार ओठ हलवत असावा, ट्रॅकवर गात असावा किंवा चित्रावर दुसराच आवाज चढवलेला असावा.

यापुढचा प्रश्न अवघड: कोणता खेळ? त्या दिवशी गार्डनमध्ये दोन खेळ झाले, एक दुपारी आणि एक रात्री. तारीख कळली तरी काम अर्धेच होते. पहिला आधार गाण्यांच्या यादीचा. बॉब डिलनने ‘लव्ह मायनस झिरो’ दुपारीच गायले आणि ‘मिस्टर टॅम्बरिन मॅन’ रात्रीच. हॅरिसनचे ‘हिअर मी लॉर्ड’ही दुपारचेच. क्लिपमध्ये यांपैकी एखादे असेल, तर पुढे शोधायची गरज नाही.

दोन्ही वेळा झालेल्या गाण्यासाठी खेळ पक्का ठाऊक असलेले ध्वनिमुद्रण लागते. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते आणि क्लिप वरखाली ठेवून ड्रमचा पहिला ठोका जुळवावा आणि मग दोन मिनिटांनंतरचा एखादा ठोका पाहावा. गायन-वादन तेच असेल, तर ठोका जागेवर सापडतो. वेगळे असेल, तर कधी पुढे, कधी मागे असा अनियमित फरक पडतो, कारण माणसांची लय दोनदा तंतोतंत सारखी पडत नाही. फरक प्रत्येक मिनिटाला सारखाच वाढत असेल, तर ते वेगळ्या खेळाचे लक्षण नाही, टेप जलद किंवा मंद फिरल्याचे आहे. वेगात सुमारे सहा टक्के चूक असली की सूर अर्ध्या स्वराने सरकतो. तो वेग आधी दुरुस्त करून मगच तुलना करावी.

कधी निम्मे गाणे चोख जुळते आणि पुढे अचानक सुटते. तिथे बहुधा दोन खेळांची जोडणी असते, आणि अधिकृत लाइव्ह अल्बममध्ये हे सर्रास आढळते. ‘द बीटल्स ॲट द हॉलिवूड बोल’ हा १९७७ चा अल्बम तर १९६४ आणि १९६५ अशा दोन वर्षांतल्या कार्यक्रमांतून बेतला आहे. अशा अल्बमवरच्या गाण्याला एकच तारीख लावणे चूकच.

चित्रातले कपडे, मंचाची मांडणी, गिटारचा रंग यांचा आधार वेगवेगळ्या रात्रींसाठी चांगला. पण चित्र एका खेळाचे आणि आवाज दुसऱ्या खेळाचा असेही असू शकते, म्हणून बोटांची हालचाल सुरांशी जुळते का ते आधी पाहावे. तेही जुळले आणि यादी किंवा ठोके यांतून निर्णय लागला नाही, तर क्लिपखाली ‘१ ऑगस्ट १९७१, खेळ अनिश्चित’ एवढेच लिहावे.