एक ओळ, चार ठिकाणं

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं बनतात. तिथला एखादा विक्रेता पाच फळांचा नवा संच ऑनलाइन विकायला काढतो तेव्हा तेच काम त्याला चारदा करावं लागतं: आधी शॉपिफायवरच्या दुकानात, मग फेसबुक पेजवर, मग इन्स्टाग्रामवर आणि शेवटी टेलिग्राम चॅनेलवर. तोच फोटो, तेच वर्णन, तीच किंमत. चौथ्या वेळी हात घाई करतो आणि किमतीतला एक आकडा गळतो.

हे काम एकदाच करून भागवण्यासाठी झॅपियरसारखी साधनं आहेत. 2011मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात तिघा मित्रांनी सुरू केलेली ही सेवा कोडची एक ओळही न लिहिता दोन अ‍ॅप एकमेकांना जोडून देते. ‘अमुक घडलं की तमुक कर’ असा नियम पडद्यावर निवडून जुळवायचा. घडणारी गोष्ट म्हणजे ट्रिगर, त्यानंतर करायचं काम म्हणजे अ‍ॅक्शन आणि अख्ख्या साखळीचं नाव झॅप.

आपल्या विक्रेत्याची साखळी गुगल शीटपासून सुरू होते. एका ओळीत एक वस्तू. रकाने पाच: नाव, वर्णन, किंमत, फोटोचा दुवा आणि ‘तयार’. हा शेवटचा रकाना फार मोलाचा आहे. माणूस ओळ भरत असतानाच झॅप जागा झाला, तर नाव आहे पण किंमत नाही, अशी अर्धवट जाहिरात बाहेर पडते. म्हणून `New or Updated Spreadsheet Row` हा ट्रिगर निवडायचा आणि त्याला फक्त ‘तयार’ या रकान्यावर लक्ष ठेवायला सांगायचं. पुढची पायरी फिल्टरची: त्या रकान्यात ‘हो’ असेल तरच पुढे जा.

त्यानंतर क्रम महत्त्वाचा. आधी शॉपिफायमध्ये वस्तू तयार होते, कारण तिचा दुवा तिथेच जन्माला येतो आणि पुढच्या पोस्टना तो लागतो. मग फेसबुक, टेलिग्राम आणि सगळ्यात शेवटी इन्स्टाग्राम.

इन्स्टाग्राम शेवटी ठेवायचं, कारण साखळी बहुधा तिथेच तुटते. त्यासाठी खातं बिझनेस प्रकारचं आणि फेसबुक पेजला जोडलेलं हवं. शिवाय फोटोचा दुवा थेट जेपीईजी चित्रावर जायला हवा. गुगल ड्राइव्हचा शेअर केलेला दुवा माणसाला फोटो दाखवतो, पण यंत्राच्या हाती चित्राऐवजी एक वेब पान पडतं आणि ती पायरी लाल होते. दुवा बरोबर आहे का, हे ओळखायची सोपी खूण आहे: कुठेही लॉग-इन नसलेल्या ब्राउझरमध्ये तो उघडावा, आजूबाजूला बटणं न दिसता नुसतं चित्र दिसलं, तर दुवा चालेल.

चारही ठिकाणी एकच मजकूर पाठवण्याचा मोहही आवरावा. टेलिग्रामवर फोटोखाली 1,024 अक्षरं मावतात, इन्स्टाग्रामवर 2,200. टेलिग्रामवरचा दुवा दाबता येतो. इन्स्टाग्रामच्या मजकुरात तो नुसताच अक्षरांसारखा पडून राहतो.

खर्च मोजायची रीत साधी आहे. यशस्वी झालेली प्रत्येक अ‍ॅक्शन म्हणजे एक टास्क. ट्रिगर आणि फिल्टर मोजले जात नाहीत. महिन्याला 40 वस्तू आणि प्रत्येकीची चार कामं, म्हणजे 160 टास्क. फुकटच्या योजनेत महिन्याला 100 टास्क मिळतात आणि झॅप दोनच पायऱ्यांचा असतो, त्यामुळे ही साखळी तिथे बसत नाही.

आता खरी अडचण. समजा, 1,450 रुपयांच्या संचाची किंमत शीटमध्ये 145 पडली आणि ‘तयार’समोर ‘हो’ लिहून झालं. काही मिनिटांत चूक चारही ठिकाणी पोचते. विक्रेता धावत येऊन शीटमधला आकडा सुधारतो, पण बाहेर काहीच बदलत नाही. झॅपने फक्त प्रत काढून पाठवली होती. शीट आणि पोस्ट यांच्यात कायमचा धागा जोडलेला नव्हता. ट्रिगर सगळ्या रकान्यांवर ठेवला असता तर आणखी पंचाईत: सुधारलेल्या किमतीसह तीच वस्तू दुसऱ्यांदा सगळीकडे झळकली असती आणि जुनी चुकीची पोस्टही तशीच राहिली असती.

यावर अर्धा उपाय आहे. वस्तू तयार झाल्यावर शॉपिफाय तिला एक क्रमांक देतं. तो त्याच ओळीत परत लिहिणारी एक पायरी साखळीत जोडायची. वस्तूमागे एक टास्क वाढतो. मग दुसरा झॅप ‘किंमत’ या रकान्यावर लक्ष ठेवतो आणि त्या क्रमांकाच्या वस्तूची किंमत दुकानात बदलतो. इन्स्टाग्राम मात्र छापलेला मजकूर बाहेरच्या साधनाला बदलू देत नाही. तो हातानेच सुधारावा लागतो. म्हणून इन्स्टाग्रामच्या मजकुरात किंमत न घालणं हेच शहाणपणाचं. तिथे संचाचा फोटो, लाकडाची आणि रंगाची माहिती द्यावी, आणि किमतीसाठी प्रोफाइलमधल्या दुव्यावरून दुकानात यायला सांगावं. संच संपला तर तेही दुकानाचं पान आपोआप दाखवतं.