चेक थांबवला, देणं मात्र थांबत नाही

समजा, एका सुताराला भिंतीतल्या कपाटांसाठी तुम्ही ८०,००० रुपयांचा पुढच्या तारखेचा चेक दिला. तारीख महिन्याची १०. कपाटं ५ तारखेला आली, पण दारं वाकलेली आणि ठरलेल्यापेक्षा हलक्या प्लायची. सुतार दुरुस्तीचं नाव काढत नाही. आता चेक वटू नये म्हणून बँकेला सांगायचं, म्हणजेच स्टॉप पेमेंट करायचं.

काम सोपं आहे. बँकेच्या अ‍ॅपवर किंवा नेट बँकिंगवर सहा आकडी चेक नंबर टाकायचा, किंवा शाखेत सही केलेला अर्ज देऊन पोच घ्यायची. नंबर बिनचूक हवा, कारण बँकेची यंत्रणा नंबरावरूनच चेक ओळखते. एक आकडा चुकला तर तो चेक सरळ वटतो आणि दोष तुमच्याकडे येतो. म्हणून चेक देतानाच नंबर, तारीख, रक्कम आणि नाव चेकबुकातल्या नोंदीच्या पानावर लिहून ठेवा. संयुक्त खातं असेल तर साधारणपणे कुणीही एक खातेदार चेक थांबवू शकतो.

शुल्क बँकेगणिक वेगळं असतं. बऱ्याच बँका ऑनलाइन सूचनेचे पैसे घेत नाहीत किंवा कमी घेतात, शाखेतून केल्यास जास्त. शुल्क १०० रुपये धरलं तर १८ टक्के जीएसटीसह ११८ रुपये खात्यातून जातात. नेमका आकडा बँकेच्या शुल्कपत्रकात सापडेल.

वेळेची गोष्ट मात्र पूर्वीसारखी राहिली नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने चेकचं क्लिअरिंग दिवसभर सलग सुरू केलं. सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत मंजूर होऊ शकतो. पूर्वी एखादा दिवस हाताशी मिळायचा, त्यावर आता विसंबून राहता येत नाही. पैसे एकदा गेले की स्टॉप पेमेंटचा काहीच उपयोग नाही. बेअरर चेक असेल तर काउंटरवर रोख मिळाली की विषय संपला. डिमांड ड्राफ्टही असा थांबवता येत नाही, कारण तिथे पैसे देण्याचं वचन बँकेने दिलेलं असतं. आणि खात्यातून परस्पर जाणाऱ्या कर्जाच्या हप्त्याला चेकची ही सूचना लागू होत नाही. तो आदेश वेगळा रद्द करावा लागतो.

आता खरा मुद्दा. सुताराने १० तारखेला चेक भरला आणि तो ‘खातेदाराने पैसे थांबवले’ या शेऱ्यासह परत आला. अनेकांना वाटतं की खात्यात पैसे नसल्याने चेक परत आला तरच गुन्हा होतो, आपण तर स्वतः थांबवला. हा समज धोक्याचा आहे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ अशा चेकलाही लागू होऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली सांगितलं. पुढे २००३ मध्ये गोव्यातल्या एका कंपनीच्या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केलं की पुढच्या तारखेचा चेक त्या तारखेआधीच थांबवला, तरी कलमातून सुटका होत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मग बचाव काय? १० तारखेला खात्यात चेकपुरते पैसे होते आणि थांबवण्याला खरं कारण होतं, हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. कायदा सुरुवातीला चेक देणं फेडण्यासाठीच दिला असं गृहीत धरतो, म्हणून हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. खात्यात ८५,००० असताना, वाकलेल्या दारांचे फोटो आणि तक्रारीचं पत्र हातात असताना थांबवणं वेगळं. खात्यात १२,००० असताना थांबवणं वेगळं. दुसऱ्या प्रसंगी कारण कितीही खरं असलं, तरी पैसे नव्हते म्हणूनच चेक थांबवला, असा आरोप तुमच्यावर होणारच.

चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत सुताराला लेखी नोटीस पाठवावी लागते. ती मिळाल्यापासून तुम्हाला १५ दिवस असतात. त्या मुदतीत पैसे दिले तर फौजदारी खटला उभा राहत नाही. द्यायचे नसतील तर नोटिशीला गप्प राहू नका. कारण आणि कागदपत्रांसह वकिलामार्फत उत्तर द्या.

चेक हरवला असेल तर एवढी गुंतागुंत नाही. थांबवा, आणि ज्याचं देणं आहे त्याला कळवून नवा चेक द्या. पण वाद असेल तर ज्या दिवशी थांबवाल त्याच दिवशी समोरच्याला कारण लेखी कळवा, आणि वाद मिटेपर्यंत चेकची रक्कम खात्यातून हलवू नका.