मार्च 2020: एका दिवसाच्या जोखमीचा आकडा कुठे चुकला

फेब्रुवारी 2020 च्या अखेरीस निफ्टी इंडेक्स फंडात कुणाचे 10 लाख रुपये होते असे समजू. रोजच्या परताव्याचे प्रमाण विचलन, म्हणजे सिग्मा, 1 टक्का धरू आणि सरासरी परतावा शून्य. नॉर्मल वितरणात 99 टक्के खात्रीसाठी सिग्माला 2.33 ने गुणायचे. एका दिवसाचा व्हॅल्यू ॲट रिस्क आला 23,300 रुपये. शंभरातल्या 99 दिवशी तोटा याच्या आत राहील, म्हणजे वर्षाच्या साधारण 250 सत्रांत दोन-तीनदाच रेषा ओलांडली जाईल.

प्रत्यक्षात 28 फेब्रुवारीला निफ्टी 3.7 टक्के पडला. मग 9, 12, 16, 18 आणि 23 मार्च. महिन्याच्या आत निदान सहा वेळा रेषा ओलांडली गेली. त्यातला 12 मार्चचा फटका 8.3 टक्क्यांचा होता आणि 23 मार्चचा जवळजवळ 13 टक्क्यांचा. दहा लाखांवर हा एका दिवसाचा तोटा 1,30,000 च्या आसपास जातो.

सिग्मा जुना होता, असा बचाव केला जातो. तो अर्धाच खरा आहे. जे. पी. मॉर्गनने 1994 मध्ये मांडलेल्या रिस्कमेट्रिक्स पद्धतीत कालच्या सिग्माच्या वर्गाला 0.94 आणि आजच्या परताव्याच्या वर्गाला 0.06 वजन मिळते. 28 फेब्रुवारीनंतर 0.94 × 1 + 0.06 × 3.7² म्हणजे 1.76, वर्गमूळ 1.33. रेषा 23,300 वरून 31,000 च्या जवळ सरकली. उपयोग झाला, पण 9 मार्चची 4.9 टक्क्यांची घसरण तीही ओलांडून गेली. 12 मार्चला सिग्मा 2 टक्के धरला असता तरी रेषा 4.66 टक्क्यांवरच थांबली असती. शिवाय वर्ग घेताना चिन्ह उरत नाही, त्यामुळे 7 एप्रिलच्या 8.76 टक्क्यांच्या उसळीनेही 'जोखीम' वाढलेलीच दिसली.

माझ्या मते खरी चूक रेषेपलीकडे आहे. नॉर्मल वितरण सांगते की रेषा ओलांडलीच तर सरासरी तोटा 2.67 सिग्मा, म्हणजे 26,700 रुपये. रेषेच्या जेमतेम पलीकडे! मार्चमध्ये तो याच्या दुपटीहून मोठा निघाला. बाजाराच्या परताव्याची शेपटी जाड असते आणि मोठे दिवस एकामागोमाग येतात, या दोन्ही गोष्टी त्या सूत्रात नाहीत.

बाझल समितीने 2016 मध्येच बँकांच्या बाजारजोखमीसाठी 99 टक्क्यांच्या रेषेऐवजी 97.5 टक्क्यांपलीकडच्या तोट्याची सरासरी मोजायचे ठरवले होते. पण त्यातही नॉर्मल गृहीतक ठेवले तर उत्तर 2.34 सिग्मा येते, म्हणजे जवळजवळ जुनेच. म्हणून हा आकडा काढणाऱ्याने मार्च 2020 चे प्रत्यक्ष परतावे आपल्या आजच्या पोर्टफोलिओवर एकदा चालवून पाहावेत आणि तो तोटा सूत्राच्या आकड्याशेजारी लिहून ठेवावा.